कटिंगनंतर आठ-दहा दिवसांतच मान मागून मळकट दिसते: मागची लाइन तपासा

महिन्यातून एकदाच केस कापणाऱ्या पुरुषांची एक ठरलेली तक्रार असते. पहिला आठवडा सगळं झकास. दुसऱ्या आठवड्यात समोरून, बाजूने अजून ठीक असतं, पण बायको किंवा ऑफिसमधला मागे बसणारा माणूस म्हणतो, ‘मान साफ करून घे रे.’ तिसऱ्या आठवड्यात कॉलरच्या वर काळपट पट्टा दिसू लागतो. मग माणूस एक तर दुकान बदलतो किंवा पुढच्या वेळी ‘अजून बारीक करा’ असं सांगतो. बारीक केल्याने यातलं काहीच सुटत नाही, उलट बहुतेकदा वाढतं. ठाण्यात नौपाड्याच्या बाजूला माझी खुर्ची आहे आणि ही तक्रार मी दर रविवारी ऐकतो. नव्वद टक्के वेळा दोष केसांच्या लांबीत नसतो, मानेवर काढलेल्या लाइनमध्ये असतो.

आधी घरी एक तपासणी करा. कटिंगला साधारण दहा दिवस झाले की बोट कॉलरपाशी ठेवून मानेवरून वरच्या दिशेने फिरवा. आधी खरखरीत खुंट लागले आणि मग एका ठिकाणी बोट चक्क अडलं, तिथून दाट केस सुरू झाले, तर तुमची मान ‘चौकोनी’ कापलेली आहे. म्हणजे मशीनने किंवा वस्तऱ्याने एक आडवी रेघ ओढली आणि तिच्याखालचं सगळं साफ केलं. बोट कुठेच अडलं नाही, केस हळूहळू लांब होत गेले, तर मान ‘टेपर’ केलेली आहे, जुने कारागीर ज्याला उतार म्हणतात ती. मधे फक्त गुळगुळीत आणि दोन्ही कोपऱ्यांतच खुंट लागत असतील तर लाइन गोल काढलेली आहे. मोबाइलवर मागचा एक फोटोही काढून घ्या, पण मान सरळ ठेवून. मान खाली घातली की कातडी ताणली जाते आणि लाइन वेगळ्याच जागी दिसते.

आता हे का होतं ते बघू. डोक्याचे केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे आठवड्याला अडीच मिलिमीटरच्या आसपास. ही वाढ वर आणि खाली जवळपास सारखीच असते. चौकोनी लाइनमध्ये पहिल्या दिवशी खाली नुसती कातडी आणि लाइनच्या वर, समजा, सहा मिलिमीटर केस. फरक स्वच्छ दिसतो, म्हणून तो छान वाटतो. दहा दिवसांनी खाली साडेतीन मिलिमीटर खुंट आणि वर साडेनऊ. सहा मिलिमीटरची पायरी जशीच्या तशी राहिली, पण आता पायरीच्या खाली कातडीऐवजी काळे खुंट आहेत. साडेतीन मिलिमीटर म्हणजे मशीनला एक नंबरची फणी लावून मारल्यावर राहतात त्याहून थोडे जास्तच केस. आपल्याकडच्या काळ्या, जाड केसांना एवढं पुरतं. लांबून मान मळल्यासारखी वाटते.

उतारात हिशेब वेगळा पडतो. सगळ्यात खाली दीड मिलिमीटर, वर तीन, त्याच्या वर सहा असं ठेवलं असेल तर दहा दिवसांनी तिथे पाच, साडेसहा आणि साडेनऊ होतात. म्हणजे उतार तसाच राहिला, फक्त सगळा थोडा वर सरकला. डोळ्याला पकडायला कुठे कडाच नाही. तिसऱ्या आठवड्यात ‘केस वाढलेत’ असं वाटतं, ‘मान घाण दिसते’ असं वाटत नाही. महिन्याने येणाऱ्या माणसाला नेमकं हेच हवं असतं.

इथे एक गैरसमज लगेच दूर करतो, कारण हल्लीची पोरं त्यात फसतात. टेपर मागायला जाऊन लोक स्किन फेड करून येतात. स्किन फेडमध्ये खालचा भाग पार कातडीपर्यंत उतरवतात आणि तो कानाच्या वरपर्यंत नेतात. पहिले चार दिवस दिसतं भारीच, पण कातडीवर खुंट आले की तोही काळा पडतो. दर पंधरा दिवसांनी येणाऱ्याने खुशाल करावा. महिन्याने येणाऱ्याचा टेपर खालीच राहिला पाहिजे, कानाच्या पाळीच्या पातळीच्या फार वर जायला नको, आणि त्याची सुरुवात शून्यापासून होता कामा नये. तळाला थोडे केस राहू द्यायचे.

दुसरी गोष्ट लाइनच्या जागेची, आणि माझ्या मते मूळ दुखणं इथेच आहे. प्रत्येकाच्या मानेवर केसांची स्वतःची एक सीमा असते. कुणाची सरळ, कुणाची मधे खाली उतरलेली, कुणाची एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली. कारागीर लाइन ओढतो ती या सीमेच्या थोडी वरून, कारण सीमेवरचे केस विरळ आणि वेडेवाकडे असतात. मग डावी-उजवी जुळली का बघतो. उजवीकडे जराशी खाली राहिली असली की ती वर घेतो; आता डावी खाली वाटते, तीही वर. पुढच्या महिन्यात केस उगवून जुनी लाइन पुसट झालेली असते, तर तो डोळ्याला जी कडा दिसेल तिच्यावरून पुन्हा ओढतो, पुन्हा जुळवतो. असं करत सहा-आठ महिन्यांत लाइन मूळ सीमेच्या दोन बोटं वर चढलेली मी पाहिली आहे. लाइन जितकी वर, तितका खालचा साफ केलेला पट्टा रुंद, आणि दहाव्या दिवशी तितकाच रुंद काळा पट्टा. ‘अजून बारीक करा’ म्हटल्यावर होतं ते एवढंच.

आणखी एक बारीक कारण. गळ्याभोवती कापड आवळून बांधलं की मानेची कातडी वर ढकलली जाते, विशेषतः ज्यांची मान भरलेली आहे त्यांची. त्यात गिऱ्हाइकाने मान छातीला टेकवलेली असते. या अवस्थेत काढलेली सरळ रेघ कापड सोडल्यावर, मान वर केल्यावर सरळ राहीलच असं नाही. म्हणून शेवटची नजर नेहमी कापड सैल करून, मान सरळ ठेवून टाकायची. आरसा मागे धरतात तेव्हा बहुतेक लोक फक्त ‘हां ठीक’ म्हणून उठतात. तुम्ही तेव्हा मान सरळ ठेवून बघा.

गेल्या पावसाळ्यात आलेल्या एका गिऱ्हाइकाचं उदाहरण देतो. वय चाळिशीचं, ऑफिस ऐरोलीला, रोज ट्रान्स-हार्बरने जाणं-येणं, कॉलरचा शर्ट, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एकदाच कटिंग. आधी दुसरीकडे जायचे. माझ्याकडे आले ते कटिंगला दोन आठवडे झालेले असताना. म्हणाले, ‘दादा, नुसती मान साफ करून द्या, आणि पुढच्या वेळी ते टेपर का काय ते करू.’ मी त्यांना तसंच परत पाठवलं. मान साफ करायची म्हणजे पुन्हा लाइन ओढायची आणि खालचे पाच मिलिमीटर उडवायचे. मग पुढच्या वेळी उतार बनवायला खाली केस कुठून आणणार? हे लक्षात ठेवा: चौकोनीवरून टेपरवर जायचं असेल तर मान पूर्ण महिनाभर वाढू द्यायची. जेव्हा सगळ्यात गबाळी दिसते तेव्हाच ती कामाला सगळ्यात सोयीची असते. ते दोन आठवडे जरा नाराजीत काढावे लागतात, त्याला इलाज नाही.

दोन आठवड्यांनी ते आले तेव्हा मानेवर सगळं स्पष्ट दिसत होतं. जुन्या लाइनच्या खाली सुमारे एक सेंटिमीटर केस उगवले होते आणि त्यांची मूळ सीमा पुन्हा नजरेत आली होती, जुन्या लाइनपासून दीड बोट खाली. लाइनच्या वर केस दोन सेंटिमीटरच्या पुढे होते. म्हणजे पायरी सेंटिमीटरभराची. तिला सपाट करायचं काम होतं.

केस कोरडेच ठेवले. ओले केस चिकटून बसतात आणि पायरी लपवतात. वाळल्यावर ती वर येते. फणीने मानेवरचे केस खाली विंचरले आणि आधी नीट बघून घेतलं की ते कुठल्या दिशेने उगवतात. मग दोन नंबरची फणी, म्हणजे सहा मिलिमीटर, लावून मशीन तळापासून वर नेली, पण कानाच्या पाळीच्या पातळीला पोहोचायच्या आधीच मनगट बाहेर वळवून डोक्यापासून सोडवली. हे सोडवणं महत्त्वाचं. मशीन सरळ वर ढकलून एकदम उचलली तर तिथे नवी कडा तयार होते, मग लाइन मानेवरून डोक्यावर गेली एवढाच फरक. त्यानंतर एक नंबर, तीन मिलिमीटर, त्याहून अर्ध्या उंचीपर्यंत. शेवटी फणी काढून, मशीनचा लिव्हर उघडा ठेवून फक्त तळाचं एक बोट. लिव्हर बंद केला नाही, कारण बंद लिव्हर जवळजवळ कातडीपर्यंत जातो.

जुनी लाइन मात्र एवढ्याने जात नाही. दोन नंबरच्या पट्ट्याच्या वर तिची एक सावली राहिली होती, डावीकडे जास्त. ती कंगवा आणि कैचीने काढली: कंगवा तिरका धरायचा, तळाशी मानेला टेकलेला आणि वरचं टोक डोक्यापासून सुटलेलं, आणि त्यातून बाहेर आलेलं तेवढंच कापायचं. सावली दिसली की लगेच तिथे मशीन टेकवायचा मोह होतो, पण त्याने खड्डा पडतो. पाच-सात मिनिटं यातच गेली. सीमेच्या खाली मानेवर जे सुटे केस होते ते ट्रिमरने काढले, एकेक, खालून सीमेकडे नेत, आडवी रेघ न ओढता. वस्तरा लावलाच नाही.

उठल्यावर त्यांचा चेहरा जरा पडलेलाच होता. ‘हे साफ वाटत नाहीये’, म्हणाले. पहिल्या दिवशी टेपर चौकोनीसारखा चकचकीत दिसत नाहीच, हे आधीच मान्य करून बसा. मी फोटो घेतला आणि दोन आठवड्यांनी त्यांना तसाच फोटो काढून पाठवायला सांगितलं. दोन आठवड्यांनी त्यांनी पाठवलेल्या फोटोत काळा पट्टा नव्हता. डावीकडे जुन्या लाइनची पुसट खूण तेवढी होती. दुसऱ्या कटिंगला तीही गेली. ज्यांच्या मागचे केस लांब आणि दाट असतात त्यांना पायरी पूर्ण जायला अशा दोन कटिंग लागतातच, एकाच बैठकीत ओढून काढायला गेलं तर मागचा भाग नको तितका पातळ होतो.

आता दुकानात सांगायचं कसं. ठाण्यात काय, वाशी-नेरुळला काय, बऱ्याच दुकानांत कारागीर हिंदी बोलणारे आहेत आणि ‘टेपर’ म्हटल्यावर प्रत्येक जण वेगळं समजतो. म्हणून नाव न घेता काम सांगा: ‘पीछे लाइन मत निकालना, नीचे से हल्का करके ऊपर मिला देना, उस्तरा नहीं लगाना।’ हे कापड बांधायच्या आधी सांगायचं आणि शेवटी पाण्याचा फवारा मानेवर आला की पुन्हा सांगायचं. शेवटचा वस्तरा हा हाताच्या सवयीचा भाग आहे. कल्ले झाले की हात आपोआप मानेकडे जातो. सगळी कटिंग मनासारखी होते आणि शेवटच्या वीस सेकंदांत लाइन ओढली जाते, असं किती जणांचं झालं असेल. शक्यतो रविवारी सकाळी जाऊ नका. उतार मिळवायला वेळ लागतो, बाकावर सहा जण बसलेले असताना तो वेळ कुणी देत नाही. मधल्या वारी संध्याकाळी उशिरा जा.

सगळ्यांनाच टेपर करा असं मी म्हणत नाही. ज्यांच्या मानेवर भोवरा आहे, म्हणजे केस खाली यायच्या ऐवजी आडवे किंवा वर उगवतात, त्यांच्यात उतार एका बाजूला काळा आणि दुसऱ्या बाजूला फिका दिसू शकतो, लांबी दोन्हीकडे तीच असली तरी. तिथे भोवऱ्याच्या दिशेविरुद्ध मशीन फिरवावी लागते आणि तो भाग अर्धा नंबर कमी ठेवून डोळ्याला समान करावा लागतो. ज्याला हे जमत नाही तो पटकन चौकोनी लाइन ओढून प्रश्न झाकतो, आणि दोन भोवरे असलेल्या मानेवर कधीकधी ते बरोबरही असतं. दुसरे, ज्यांच्या सीमेवरचे केस मुळातच विरळ आहेत किंवा मान लांब आणि बारीक आहे. त्यांना सरळ लाइन भरलेपणा देते. जाड, आखूड मानेवर तीच लाइन मान आणखी आखूड दाखवते. लग्न तीन दिवसांवर असेल तर काढा हवी तशी लाइन, पुढच्या महिन्याची चिंता पुढच्या महिन्यात. मात्र चौकोनीच ठेवायची असेल तर दोन पथ्यं पाळा: लाइन मूळ सीमेला लागूनच हवी, वर नको, आणि मधे एकदा, बाराव्या-पंधराव्या दिवशी फक्त मान साफ करायला दुकानात जायचं. त्याला पाच मिनिटं लागतात. घरी आरशात बघून स्वतः मागची लाइन काढायच्या फंदात पडू नका, ती वाकडी होणार आणि सरळ करताना वर चढणार.

ज्यांचे केस मानेवरून पाठीपर्यंत सलग उतरतात त्यांची गत वेगळी. त्यांच्यात बोट कुठेच अडत नाही, तरी मान काळी दिसते. इथे सीमा अशी काही नसतेच, त्यामुळे कॉलरच्या जरा वर उतार संपवायचा आणि त्याखालचं ट्रिमरने काढायचं, पण दोन्हीच्या मधे बोटभर पट्टा मुद्दाम पुसट ठेवायचा. यांना टेपर केला तरी दोन आठवड्यांनी खालचं काढावं लागेलच. ते घरात कुणीही ट्रिमरने काढून देऊ शकतं, वरच्या उताराला हात न लावता. ट्रिमर खालून वर नेताना केस दाट व्हायला लागले की थांबायचं, एवढं सांगून ठेवा.

राहता राहिले मानेवरचे लाल दाणे. हे वस्तऱ्याच्या मानेवर जास्त येतात, त्यातही कुरळ्या किंवा राठ केसांच्या. कातडीलगत कापलेल्या केसाचं टोक वाढताना पुन्हा कातडीत घुसतं, वर घाम, कॉलरचं घासणं, हेल्मेटचा पट्टा. आपल्याकडच्या दमट हवेत हे मे ते सप्टेंबर ठरलेलं. वस्तरा बंद करून तळाला दीड मिलिमीटर केस ठेवले की बहुतेकांचे दाणे महिना-दोन महिन्यांत बसतात. वस्तरा लावायचाच असेल तर ब्लेड समोर नवीन लावून घ्या. पण दाणे कडक झाले, गाठीसारखे लागले, बसल्या जागी केस उगवायचे बंद झाले किंवा त्यातून पू येत असेल तर ते कटिंगने सुटणारं काम नाही. तिथे मशीनही लावू देऊ नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि बरं होईपर्यंत मागचे केस कैचीनेच कापून घ्या.